भीतीच्या रकान्यात सापडलेलं कर्ज

पहिल्या भेटीआधी नवरा-बायकोकडून एक पत्र लिहून घेतात, हे ऐकलं म्हणून मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका आर्थिक सल्लागार बाईंकडे गेले. मिळकत, देणी, इच्छा आणि भीती, एवढंच पत्रात हवं. छापील फॉर्म त्या देत नाहीत, कारण फॉर्ममध्ये विचारलं तेवढंच लोक सांगतात. त्यांची सेबीकडे नोंदणी आहे. त्या फी अशिलाकडून घेतात, त्याच अशिलाला विकलेल्या योजनेचं कमिशन घ्यायची त्यांना मुभा नाही. त्यामुळे पत्र वाचताना काय खपवता येईल हा हिशेब डोक्यात नसतो.

नावं छापायची नाहीत या अटीवर एका जोडप्यानं मला त्यांचं पत्र वाचू दिलं. तो गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, ती खासगी शाळेत शिक्षिका. वहीच्या दोन पानांवर त्याचं नेटकं अक्षर. त्याचा पगार ३४ हजार, तिचा १४ हजार. गावाकडच्या दोन म्हशींच्या दूध बिलातून खाद्याची कपात जाऊन महिन्याला पाच हजार हातात. पुढे ‘ऊस, वर्षाला दीड लाख’. बाईंनी तिथेच पेन्सिल टेकवली. लागण, खत, पाणीपट्टी वजा केली तर उरतात ऐंशी हजार, तेही कारखान्याचं बिल जमा होईल तेव्हा. त्यांनी ऊस महिन्याच्या हिशेबातून काढूनच टाकला. मला ते पटलं. उसाच्या भरवशावर दरमहाचा हप्ता बांधून घेतलेली घरं मी जवळून बघितली आहेत.

राहिले ५३ हजार. घरकर्जाचा हप्ता साडेसतरा हजार, भिशी तीन हजार, घरखर्च चोवीस. म्हणजे शिल्लक साडेआठ हजार. देण्यांत घरकर्जाखाली एक लाख ऐंशी हजारांचं सोनेतारण होतं. इच्छांमध्ये मुलीचं इंजिनिअरिंग, सहा वर्षांनी. भीती म्हणून त्यानं एकच ओळ लिहिली होती : गाड्यांची मागणी घटली की आमच्या ऑर्डरी तुटतात.

तिच्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात : ‘ह्यांनी दाजींना पतसंस्थेत जामीन दिलाय. चार लाख. मला रात्री तेच आठवतं.’

मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं, आणि दर वेळी त्या ओळीवरच थांबले. देण्यांच्या यादीत चार लाख नव्हते. ते दाजींचं कर्ज, आपलं कसं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

“देणं तुमचंही आहे, दादा,” बाई म्हणाल्या. भारतीय करार कायद्याच्या १२८व्या कलमानुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतसंस्थेला आधी दाजींच्या मागे लागून मग याच्याकडे यायचं बंधन नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळाला की दिवाणी दाव्याशिवाय जामीनदाराच्या मालमत्तेवरही वसुली लागू शकते. बँकेनं दिलेल्या कर्जाची जामीनकी निदान सिबिलच्या अहवालात दिसते. बऱ्याच पतसंस्थांची कर्जं तिथे नसतात. म्हणजे निळ्या शाईतली ती ओळ नसती, तर हे चार लाख बाईंना कुठल्याच कागदावर सापडले नसते.

“सख्ख्या बहिणीच्या घराला नाही कसं म्हणायचं ओ?” त्यानं विचारलं. कोल्हापुरात याला पटकन उत्तर देणारा माणूस मला भेटायचाय. बाईंनीही दिलं नाही. त्यांनी हप्ता काढला : चार लाख, तेरा टक्के, पाच वर्षं, म्हणजे महिन्याला नऊ हजार शंभर. घरातली शिल्लक साडेआठ. दाजींचे हप्ते थांबले तर नोकरी शाबूत असूनही हे घर दर महिन्याला सहाशे रुपयांनी तुटीत जाणार होतं.

तिनं मान वर केली. “म्हणजे मी उगाच घाबरत नव्हते.”

एसआयपीचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. आधी दाजींच्या कर्जखात्याचा उतारा आणायचा, असं ठरलं. तो आला तेव्हा दोन हप्ते थकलेले निघाले. नाव काढून घ्यायचं तर पतसंस्थेला मान्य होईल असा दुसरा जामीनदार हवा, नुसता अर्ज देऊन सुटका नाही. तोवर भिशीचा नंबर लागला की ती रक्कम बँकेत मुदत ठेवीत जाईल, पतसंस्थेत नाही, कारण बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. उसाचं बिल आलं की ते आधी सोनेतारणात भरायचं.

थकलेल्या दोन हप्त्यांविषयी दाजींशी कोण बोलणार, यावर दोघांची बरीच चर्चा झाली. शेवटी तीच म्हणाली, “मी वन्संशी बोलते. दाजींना तुम्ही बोलू नका.”