१५ च्या जागी १२

पहाटे ५.१५
डिचोली अजून काळोखात आहे. बाईंनी चहाचं आधण ठेवलं आणि जुना लॅपटॉप उघडला. शाळेत त्या गणित शिकवतात, तासिकेवर. तास घेतला तर पैसे, लांब सुट्टीत काही नाही. वर्षभर पहाटे उठून त्या सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकताहेत. आज संध्याकाळी पणजीतल्या एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत आहे.

सरावाला त्यांनी गुण भरायचं एक छोटं वेबपान घेतलंय. ओळखीच्या मुलानं बनवलेलं. चाचणी २० गुणांची. बाई आधी कडेचे आकडे टाकतात: ० आणि २० चालले पाहिजेत, उणे १ आणि २१ अडले पाहिजेत. चूक बहुधा अशा सीमेवरच लपते. हे सगळं नीट चाललं. मग त्यांनी शिक्षकालाच सुचेल अशी गोष्ट केली. चार मुलांना १२, १५, १८, १५ गुण दिले आणि पाचव्याचा रकाना रिकामा ठेवला. पाचवा गैरहजर. सरासरी यायला हवी १५. पानावर आली १२. पानानं गैरहजर मुलाला शून्य धरून बेरजेला पाचानं भागलं होतं.

त्यांनी लगेच नोंद केली: काय भरलं, कुठलं बटण दाबलं, काय यायला हवं होतं, काय आलं. वाचणाऱ्याला तेवढ्यावरून ती चूक पुन्हा काढून बघता आली पाहिजे.

सकाळी ७.४५
शाळा. आज बुधवार, बाजारामुळे रस्त्यावर गर्दी. पहिल्या तासाला वह्या. ५ − (x − २) हा कंस तिघांनी सारखाच चुकीचा सोडवलाय: ५ − x − २. बाई नुसती फुली मारत नाहीत. चूक झाली त्या पायरीखाली रेघ ओढतात आणि मागच्या पानावरच्या यादीत तिघांसाठी मिळून एकच कारण लिहितात. उद्या तिघांना तसंच दुसरं गणित देणार आणि सोबत आधी जमलेलं एक. नवं दुरुस्त करताना जुनं बिघडलं नाही ना, हे पाहायला. टेस्टिंगमध्ये या दुसऱ्या तपासणीला रिग्रेशन म्हणतात. बाई ती कित्येक वर्षं करत आल्या आहेत.

दुपारी २.१५
झेरॉक्सच्या दुकानात बायोडेटाची दोन पानं छापून घेतली. समोर कागद असला की बोलणं सुचतं, म्हणून. पहिल्या मसुद्यात संयम, संवादकौशल्य, नेतृत्व असं लिहिलेलं होतं. पेडण्याची एक मैत्रीण शाळा सोडून आधीच या कामात गेलीय. तिनं फोनवर ते सगळं खोडायला लावलं. म्हणाली, "अगो, तू संयमी आहेस हे मला ठाऊक. त्या माणसाला कसं कळणार?"

आता तिथं काम लिहिलंय. परीक्षेआधी संविधान तक्ता करते, त्यामुळे कुठला घटक तपासायचा राहिला ते दिसतं. आदर्श उत्तरपत्रिका आधी लिहिते, मग पेपर तपासते. वेबपानाचं काम 'सराव' अशा मथळ्याखाली वेगळं, सरासरीच्या नोंदीसकट. ते नोकरीचा अनुभव म्हणून खपवलं, तर दुसऱ्या प्रश्नालाच उघडं पडतं.

आयएसटीक्यूबीची पायाभूत परीक्षा त्या पास आहेत. ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर लागतात. त्या परीक्षेनं धंद्याची भाषा कळते. हाताला सवय लागते ती सरावानंच.

संध्याकाळी ६.००
दार लोटून घेतलं. पंखा बंद, आवाज नको म्हणून. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, "तुम्ही बग कळवला. डेव्हलपर म्हणाला, माझ्याकडे असं होत नाही. मग?"

बाई म्हणाल्या, "गुणांवरून पालक येतात तेव्हा मी पेपर आणि आदर्श उत्तर शेजारी ठेवते. इथंही तेच करीन. माझी आवृत्ती, ब्राउझर आणि भरलेले आकडे त्याला देईन, त्याचे विचारीन. फरक कुठं आहे ते दोघं मिळून शोधू."

"ऑटोमेशन येतं?"

"नाही. सेलेनियम सुरू केलंय, अजून एकटीला जमत नाही. एसक्यूएलमध्ये एका टेबलातून माहिती काढता येते, दोन टेबलं जोडताना अडते."

समोरच्यानं लिहून घेतलं. मग सरासरीचा बग सविस्तर सांगायला लावला. मुलाखतीतला निम्मा वेळ त्यावरच गेला. ते योग्यच होतं. बाई काय करू शकतात, ते त्या एका नोंदीत सगळं होतं.

रात्री ९.१०
मेल आला. शुक्रवारी सकाळी दुसरी फेरी, प्रत्यक्ष तपासणीची, पणजीत जाऊन. त्या दिवशी शाळेत बाईंचे तीन तास आहेत. त्या तीन तासांचे पैसे मिळणार नाहीत.