तक्रारीची एकच पेटी

सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या सूचना फलकावर कधीतरी एक कागद लागतो: ‘यापुढे सर्व तक्रारी सोसायटीच्या अधिकृत ई-मेलवरच पाठवाव्यात. फोन, व्हॉट्सअॅप किंवा तोंडी सांगितलेली तक्रार नोंदली जाणार नाही.’ अनेक सभासदांना यात कमिटीने अंग काढून घेतल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात या पेटीमुळे सभासदाच्या हाती पुरावा येतो. मात्र पेटीत आलेल्या पत्राचे पुढे काय होते हे त्याला माहीत असावे लागते.

महाराष्ट्रातील बहुतेक सोसायट्यांनी स्वीकारलेल्या 2014 च्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने आपली तक्रार तपशिलासह लेखी स्वरूपात पदाधिकाऱ्याकडे द्यायची असते. कमिटीने तिच्यावर लगतच्या सभेत निर्णय घ्यायचा आणि त्यानंतर पंधरा दिवसांत तो सभासदाला कळवायचा. कमिटीची सभा महिन्यातून किमान एकदा व्हावी, हेही उपविधींतच आहे. म्हणजे तक्रार कोणत्या दिवशी आली, यावर पुढचा सगळा हिशेब अवलंबून असतो. जिन्यात सेक्रेटरींना थांबवून सांगितलेल्या गोष्टीला अशी तारीख नसते. विंगच्या व्हॉट्सअॅप गटात टाकलेला फोटो संध्याकाळपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली जातो, आणि तो पाहिलेल्या कमिटी सदस्यांपैकी प्रत्येकाला वाटते की दुसऱ्या कोणीतरी प्लंबरला फोन केला असेल.

आग, लिफ्टमध्ये अडकलेला माणूस, गॅसचा वास किंवा मारामारी यांसाठी मात्र ही पेटी नाही. आगीसाठी 101, पोलिसांसाठी 112, गॅसगळतीसाठी 1906 आणि लिफ्टसाठी वॉचमनच्या केबिनमध्ये लावलेला कंपनीचा नंबर. आधी फोन करायचा, ई-मेल नंतर नोंदीपुरता. चांगल्या सूचनेत हे सर्वांत वर आणि मोठ्या अक्षरांत असते, कारण रात्री अकराला पाठवलेला ई-मेल सकाळी दहाच्या आधी कोणी उघडेलच असे नाही.

पेटी उघडण्याचे काम नेमून दिलेले असते. साधारणपणे सोसायटीचा मॅनेजर सकाळ-संध्याकाळ ती पाहतो आणि सेक्रेटरींची तिच्यावर नजर असते. आलेल्या पत्राला आवक क्रमांक पडतो आणि पोच जाते. त्यानंतर वाटणी होते. बंद पडलेला दिवा, न उचललेला कचरा अशी पत्रे थेट मॅनेजरकडे जातात. ती कमिटीपुढे आणायची गरज नसते. पार्किंग, मेन्टेनन्सच्या बिलातील आकारणी, मोठा खर्च या गोष्टी कमिटीच्या विषयपत्रिकेत जातात. काही पत्रे सोसायटीच्या हातातली नसतात, जसे की रस्त्यावरचा खड्डा किंवा शेजारच्या भूखंडावरचे बांधकाम. ती कोणत्या कार्यालयाकडे न्यायची, हे कळवून बंद करतात. राहतात ती दोन सभासदांमधली भांडणे, आणि सर्वांत अवघड तीच.

या वाटणीची खरी कसोटी गळतीच्या तक्रारीत लागते. समजा, ब विंगमधील 304 च्या सभासदाने लिहिले, ‘बाथरूमच्या छताला ओल आली आहे, लवकर काहीतरी करा.’ एवढ्यावरून हे काम सोसायटीचे, वरच्या 404 चे, की खुद्द 304 चे, हे ठरत नाही. उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती, तसेच बाहेरच्या सामाईक पाण्याच्या व ड्रेनेजच्या पाइपांची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. फ्लॅटमधल्या संडास, सिंक वगैरेंच्या गळतीचा खर्च संबंधित सभासदाचा असतो. म्हणून मॅनेजर पोच देतानाच तीन प्रश्न विचारतो: ओल कोणत्या भिंतीच्या बाजूने सुरू होते, पाणी सतत ठिबकते की ठरावीक वेळी, आणि पावसाळा संपल्यावर ती सुकते का?

पाणी रात्रंदिवस सारखे ठिबकत असेल तर संशय पुरवठ्याच्या पाइपवर जातो. वरच्या फ्लॅटचा कॉक काही तास बंद ठेवला आणि ठिबकणे थांबले, तर शंका पक्की होते. सकाळी आंघोळी झाल्यावरच ओल वाढत असेल, तर वरच्या बाथरूमची जमीन किंवा नहाणी ट्रॅपचा सांधा तपासावा लागतो. त्यासाठी ट्रॅपचे तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन-एक इंच रंगीत पाणी चोवीस तास भरून ठेवतात. खाली रंग उतरला, तर जमिनीतून पाणी झिरपत आहे. रंग उतरला नाही, पण ट्रॅप उघडून पाणी सोडताच ठिबकू लागले, तर सांधा गेला आहे. फक्त पावसाळ्यात आणि बाहेरच्या भिंतीलगत ओल येत असेल, तर प्लास्टरच्या भेगा पाहायच्या.

304 च्या छताला रंग उतरला, असे धरू. आता तक्रारीचा रकाना बदलतो: ‘दुरुस्ती’मधून ती ‘दोन सभासद’मध्ये जाते. सोसायटी 404 ला तपासणीचा निकाल आणि मुदत लेखी कळवते आणि 304 ला त्याची प्रत देते. मुदत टळली तर विषय कमिटीच्या सभेत येतो. तिथल्या निर्णयाने समाधान झाले नाही किंवा पंधरा दिवसांत उत्तरच आले नाही, तर गळतीसारखा वाद सहकार न्यायालयात नेता येतो. तिथे पहिल्या पत्राची तारीख, आवक क्रमांक आणि रंगीत पाण्याचा फोटो एकाच पत्रसाखळीत सापडतो.

ही व्यवस्था बहुधा एका क्षुल्लक चुकीने बिघडते. दोघांना पेटीचा पासवर्ड असतो, एकजण पत्र उघडून वाचतो, ते ‘वाचलेले’ दिसू लागते आणि दुसरा त्याकडे पाहत नाही. म्हणून पत्र वाचले गेले याला स्थिती मानायचे नाही; ‘नवीन’, ‘काम सुरू’, ‘कमिटीपुढे’, ‘बंद’ असे लेबल प्रत्येक पत्राला हवेच. स्पॅमचा कप्पाही रोज पाहावा लागतो. दुसरी चूक कमिटी बदलताना होते. जुन्या सेक्रेटरींच्या मोबाईलवर ओटीपी जात राहतो आणि नव्या कमिटीला पेटीच उघडत नाही. कार्यभार सोपवताना दप्तराच्या यादीत पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाईल नंबरही असायला हवा. ई-मेल न वापरणाऱ्या ज्येष्ठांचा कागदी अर्ज ऑफिसात घेऊन, पोच देऊन, स्कॅन करून त्याच पेटीत टाकला नाही, तर ‘एकच पेटी’ हे शब्द खोटे ठरतात.

सभासदाकडून अपेक्षा थोडी आहे. विषयाच्या ओळीत विंग, फ्लॅट क्रमांक आणि कामाचे नाव लिहावे: ‘ब-304, बाथरूम छत गळती’. एका पत्रात एकच तक्रार असावी, कारण गळती आणि पार्किंग एकत्र लिहिले की गळती दुरुस्त होताच पत्र बंद होते आणि पार्किंग राहून जाते. आठवण करून देताना नवे पत्र न लिहिता जुन्यालाच उत्तर द्यावे. दोन दिवसांत आवक क्रमांक आला नाही, तर ऑफिसात जाऊन तो मागून घ्यावा.