लोड चढला की ठिणगी का उडते?

कर्जत सोडलं की पुण्याकडे निघालेली गाडी बोरघाटाला भिडते. तिथला चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर अंतर कापताना गाडी एक मीटर वर चढते. आकडा किरकोळ वाटतो. पण हजार टनांची गाडी सपाटीवर सावकाश ओढायला पाचेक टनांची ओढ पुरत असेल, तर या चढावर ती नुसती मागे घसरू नये म्हणूनच आणखी २७ टनांचा जोर लागतो. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेची पहिली गाडी धावली. पुढे पुण्यापर्यंतच्या घाटातही १५०० व्होल्ट डीसीवर चालणारी इंजिनं आली, आणि हा सगळा जोर त्यांच्या डीसी मोटरींना लावावा लागला.

डीसी मोटरीला जास्त जोर हवा असेल तर ती जास्त करंट ओढते, आणि हा करंट फिरत्या आर्मेचरमध्ये जातो तो कार्बनच्या ब्रशांमधून. आर्मेचरच्या एका टोकाला कम्युटेटर असतो. तांब्याच्या पट्ट्या अभ्रकाचे पातळ थर मध्ये घालून गोलाकार बसवलेल्या असतात, आणि स्प्रिंगने दाबलेले ब्रश त्यांच्यावर घासत राहतात. मोटर रिकामी फिरत असताना ब्रशाखाली पाहिलं तर काही दिसत नाही. लोड टाकला की निळसर ठिणग्या चमकायला लागतात. मोटर तीच, ब्रश तेच, स्प्रिंगही तीच. बदलला आहे तो फक्त करंट.

ठिणगीचं मूळ कम्युटेटरच्या कामातच आहे. आर्मेचरची प्रत्येक कॉइल उत्तर ध्रुवाखालून दक्षिण ध्रुवाखाली जाते तेव्हा तिच्यातल्या करंटची दिशा उलटावी लागते, नाहीतर मोटर अर्ध्यावरच उलट जोर लावू लागेल. ही उलटापालट ब्रशाखाली होते. कॉइलची दोन टोकं शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांना जोडलेली असतात. ब्रश दोन्ही पट्ट्यांवर एकदम टेकला की ती कॉइल क्षणभर शॉर्ट होते, आणि तेवढ्या वेळात तिच्यातला करंट शून्यावर येऊन उलट्या दिशेने पूर्ण वाढलेला असायला हवा.

हा क्षण किती छोटा असतो ते एका मोटरीवर मोजता येतं. समजा, चार ध्रुवांची, लॅप वाइंडिंगची मोटर मिनिटाला हजार फेरे फिरते आहे. कम्युटेटरला १५० पट्ट्या आहेत आणि आर्मेचरचा करंट ४०० अँपिअर आहे. अशा वाइंडिंगमध्ये करंटला चार समांतर वाटा मिळतात, म्हणून एका कॉइलच्या वाट्याला १०० अँपिअर येतात. सेकंदाला २५०० पट्ट्या ब्रशाखालून सरकतात. ब्रशाची रुंदी तीन पट्ट्यांइतकी धरली तर कॉइल शॉर्ट राहते सुमारे १.२ मिलिसेकंद. तेवढ्यात एका दिशेचे १०० अँपिअर दुसऱ्या दिशेचे १०० व्हायचे, म्हणजे एकूण २०० अँपिअरचा फरक.

कॉइल मात्र लोखंडाच्या खाचेत बसलेली असते, आणि तिच्या स्वतःच्या चुंबकक्षेत्रामुळे करंटमधल्या कोणत्याही बदलाला ती विरोध करते. धावत्या माणसाला जागच्या जागी मागे फिरायला सांगितलं तर तो आधी दोन पावलं पुढेच जातो, तसं तिचं होतं. या मोटरीत तो विरोध दोन-अडीच व्होल्टांचा भरेल. एरवी एवढ्या व्होल्टकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही, पण कॉइलचा रोध नगण्य असल्याने इथे तेवढेही पुरतात. करंट पूर्ण उलटायच्या आतच पट्टी ब्रशाच्या कडेवरून सुटते, आणि उरलेला करंट हवेतून उडी मारतो. तीच ठिणगी. पट्टी जिथून सुटते त्या मागच्या कडेलाच ती दिसते. करंट दुप्पट झाला तर विरोध पाच व्होल्टांवर जातो, आणि वेग दुप्पट झाला तरीही तितकाच. म्हणून गाडी स्टेशनातून सुटताना करंट प्रचंड असला तरी चाकं हळू फिरत असल्याने हा त्रास तेव्हा कमी असतो. करंट आणि वेग दोन्ही चढलेले असतात तेव्हा खरी कसोटी लागते.

इथवरचा दोष कॉइलचा. दुसरा दोष आर्मेचरच्या चुंबकत्वाचा आहे, आणि दोन्ही एकाच बाजूला ओढतात.

मुख्य ध्रुवांमध्ये बरोबर मधोमध एक जागा अशी असते जिथे चुंबकक्षेत्र जवळपास नसतं. ब्रशाखाली शॉर्ट होणारी कॉइल नेमकी त्या जागी असावी अशा बेताने ब्रश बसवतात, म्हणजे शॉर्ट असताना तिच्यात बाहेरून व्होल्टेज उपजत नाही. पण आर्मेचरमधून करंट वाहू लागला की आर्मेचर स्वतःच चुंबक होतं. त्याचं क्षेत्र मुख्य क्षेत्राला काटकोनात असतं, आणि त्याचा रोख नेमका ब्रशांच्या रेषेवर असतो. हीच आर्मेचर रिअ‍ॅक्शन. त्यामुळे ध्रुवाच्या एका कडेला क्षेत्र दाटतं आणि दुसऱ्या कडेला विरळ होतं. मधली शून्याची जागा सरकते. मोटरीत ती फिरण्याच्या दिशेच्या उलट मागे जाते, जनरेटरमध्ये पुढे. ब्रश मात्र जागीच असतो. शॉर्ट झालेली कॉइल आता भलत्याच क्षेत्रातून जाते, आणि तिच्यात उपजणारं व्होल्टेज जुनाच करंट चालू ठेवू पाहतं. आधीच्या अडीच व्होल्टांत ही भर पडते. शिवाय दाटलेल्या कडेचं लोखंड तृप्त झालेलं असतं, म्हणून तिथे जेवढं क्षेत्र वाढतं त्यापेक्षा दुसऱ्या कडेला जास्त घटतं. एकूण क्षेत्र थोडं कमीच होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वीजघरांत यावर उपाय होता तो माणसाच्या हाताने करायचा. ब्रश एका फिरत्या कड्यावर, रॉकरवर, बसवलेले असत. लोड वाढला की जनरेटरजवळचा माणूस रॉकर थोडा पुढे सरकवी, कमी झाला की मागे घेई. ठिणगी हाच त्याचा मीटर. एका दिशेने फिरणाऱ्या, सावकाश लोड बदलणाऱ्या जनरेटरला हे चालून जात असे. ट्राम आणि रेल्वेला मुळीच नाही. मोटर उलट फिरली की शून्याची जागाही दुसऱ्या बाजूला सरकते, आणि धावत्या गाडीखाली शिरून रॉकर हलवणार कोण? तांब्या-पितळेचे ब्रश जाऊन कार्बनचे आले तेव्हा थोडी उसंत मिळाली. कार्बन आणि तांबं यांच्या सांध्यात एक-एक व्होल्ट खर्ची पडतो आणि शॉर्ट झालेल्या कॉइलमधला करंट त्यामुळे आवरला जातो. पण एका व्होल्टाच्या सांध्याने पाच व्होल्टांना किती थोपवणार?

पक्का उपाय ठरला इंटरपोल. दोन मुख्य ध्रुवांच्या मधोमध, ब्रशाखालची कॉइल जिथे असते बरोबर तिथे, एक अरुंद ध्रुव बसवायचा. त्यावर जाड तांब्याचे मोजके वेढे घालायचे आणि ते आर्मेचरच्या सिरीजमध्ये जोडायचे. सगळी गंमत या जोडणीत आहे. आर्मेचरमध्ये ४०० अँपिअर असतील तर इंटरपोलमध्येही ४००, ते ८०० झाले तर इथेही ८००. दोष करंटच्या प्रमाणात वाढतो आणि उपायही त्याच प्रमाणात वाढतो, मध्ये कोणाला काही करावं लागत नाही. गाडी उलट न्यायची म्हणून आर्मेचरमधला करंट उलटवला तर इंटरपोलही आपोआप उलटतो. वेढ्यांचा जोर आर्मेचरच्या जोराच्या साधारण सव्वापट ठेवतात. त्यातला एक हिस्सा त्या जागेपुरतं आर्मेचरचं क्षेत्र पुसून टाकतो. उरलेला पाव हिस्सा कॉइलमध्ये उलट दिशेचे दोन-अडीच व्होल्ट उपजवतो, आणि करंट वेळेत उलटतो.

आता तीच मोटर वाइंडिंगच्या दुकानातून दुरुस्त होऊन आली आहे असं समजा. रिकामी चालवली, एकदम शांत. लोड टाकताच ब्रशांखाली फटाके. पहिला संशय कार्बनच्या दर्जावर जातो, मग स्प्रिंगवर, मग कम्युटेटरवर लेथ मारला जातो. दोष मात्र बरेचदा जोडणीत असतो: इंटरपोलच्या दोन वायरी अदलाबदल झालेल्या असतात. मग जो ध्रुव अडीच व्होल्ट पुसायचा तोच त्यात अडीच घालतो आणि बेरीज पाच होते. शिवाय आर्मेचरचं क्षेत्र खोडायचं सोडून तो त्याला साथ देतो. रिकाम्या मोटरीत करंटच नसतो, म्हणून तिथे काही कळत नाही. तपासायचा नियम सोपा आहे. मोटरीत इंटरपोलचा ध्रुव फिरण्याच्या दिशेने मागे असलेल्या मुख्य ध्रुवासारखा हवा, जनरेटरमध्ये पुढच्यासारखा. होकायंत्र धरून पाच मिनिटांत निकाल लागतो.

जोडणी बरोबर असूनही ठिणगी उडत असेल तर ती ब्रशाच्या कोणत्या कडेला आहे ते पाहतात. मागच्या कडेला असेल तर बहुतेक वेळा इंटरपोल कमी पडतो आहे, पुढच्या कडेला असेल तर त्याचा जोर जास्त होतो आहे. हा जोर इंटरपोलच्या मागे पातळ पत्रे घालून किंवा काढून, म्हणजे हवेची फट कमी-जास्त करून जुळवतात. रॉकरची जागा तपासायची रीतही साधी आहे. मोटर थांबलेली असताना शेजारच्या दोन ब्रशांना संवेदनशील व्होल्टमीटर जोडायचा आणि मुख्य ध्रुवांच्या वाइंडिंगला थोडे व्होल्ट देऊन स्विच चालू-बंद करायचा. काटा उडाला तर ब्रश शून्याच्या जागी नाहीत. उडायचा थांबेल तिथे रॉकर घट्ट करायचा.

इंटरपोललाही मर्यादा आहेत. ओव्हरलोड फार झाला की त्याचं अरुंद लोखंड तृप्त होतं. करंट वाढत जातो, त्याचा जोर मागे पडतो आणि ठिणग्या परत येतात. दुसरं म्हणजे तो फक्त मधल्या पट्ट्यातलं क्षेत्र सुधारतो. मुख्य ध्रुवाखाली दाटलेली कडा तशीच राहते. त्या कडेखालून जाणाऱ्या कॉइलमध्ये व्होल्टेज वाढतं, पर्यायाने तिथल्या शेजारच्या पट्ट्यांमधलंही वाढतं. जास्त वेगासाठी मुख्य क्षेत्र मुद्दाम कमकुवत केलेलं असेल आणि तेव्हाच करंट जबर असेल, तर आर्मेचरचं क्षेत्र वरचढ ठरतं. एखाद्या पट्टीवरून निघालेली ज्योत शेजारच्या पट्टीवर, तिथून पुढच्या, असं करत एका ब्रशापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात, आणि त्यात कम्युटेटर क्षणात काळाठिक्कर पडतो. रोलिंग मिलसारख्या धक्क्याच्या लोडच्या मोठ्या मोटरींत म्हणून मुख्य ध्रुवांच्या तोंडावरच खाचा पाडून त्यात आणखी एक वाइंडिंग घालतात, तेही आर्मेचरच्या सिरीजमध्ये. खर्च मोठा, त्यामुळे लहान मोटरीत ते दिसत नाही.

मुंबईच्या लोकलमधला डीसीचा पुरवठा २०१६ साली पूर्णपणे संपला आणि नव्या गाड्यांच्या मोटरींना कम्युटेटरच नाही. घरातल्या मिक्सरला आणि ड्रिलला मात्र तो अजून आहे. त्यांच्या इवल्याशा मोटरीत इंटरपोलला जागा नसते आणि परवडतही नाही, म्हणून जाळीतून आत डोकावलं की निळी ठिणगी दिसते. मिक्सर एकाच दिशेने फिरतो, तेव्हा कारखान्यातच ब्रशांची जागा किंवा कॉइलची जोडणी त्या दिशेच्या बेताने सरकवून ठेवतात. उलटसुलट फिरणाऱ्या काही चांगल्या ड्रिलमध्ये दिशा बदलायचं बटण दाबलं की आतलं ब्रशांचं कडंच फिरून दुसऱ्या जागी बसतं.