ग्रुपवरच्या निरोपांचा सलग लेख कसा होतो

मैत्रिणींनो, आपल्या गटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कामाचं पुष्कळ येतं, पण तुकड्या-तुकड्यांनी. अंकात घ्यायचं म्हटलं की नुसतं एकाखाली एक चिकटवून भागत नाही. नमुन्याला असे निरोप धरू. विट्याकडच्या एका ताईने पाठवलेत असं समजा.

१ जून : शंभर दाणं वल्या बारदानावर मांडल्यात. धा-धाच्या वळी.
७ जून : काल उघडलं. ६८ आलं. हे बघा. (फोटो)
७ जून, रात्री : ६८ न्हाय, ६४ धरा. चार कुजकं हुतं.
८ जून : एकरी ३० च्या जागी ३३ किलो घेणार.
८ जून : बी घरचंच हाय, सोयाबीन. पोती एकावर एक आठ रचल्याली.

ग्रुपवरच्या बायकांना हे कळतं, कारण त्या पहिल्यापासून वाचत असतात. अंक हातात घेणाऱ्या बाईला मात्र ‘दाणं’ कशाचे हेच शेवटच्या निरोपापर्यंत कळणार नाही. म्हणून आधी क्रम बदलायचा. ज्या क्रमाने निरोप आले तो नव्हे, ज्या क्रमाने काम झालं तो धरायचा. बियाणं कोणतं आणि कुठं ठेवलेलं, हे पहिलं.

मग ‘काल’, ‘हे बघा’ असले शब्द शोधायचे. ७ तारखेचा ‘काल’ म्हणजे ६ जून. ‘हे बघा’ फोटोशिवाय मुकं आहे, तिथं काय दिसत होतं ते शब्दात लिहायचं. ताईने आकडा दुरुस्त केला असेल तर लेखात दुरुस्त आकडाच ठेवायचा. पण चार दाणे का वगळले ते सांगावं, कारण मोजायचे ते धड कोंब आलेलेच, ही खरी शिकायची गोष्ट तिथंच आहे.

आता जोडणीचे शब्द. इथं जपून! ‘मग’, ‘पण’, ‘म्हणून’ हे शब्द नुसते टाके नसतात, ते काहीतरी सांगत असतात. पोती आठ रचलेली होती आणि उगवण कमी आली, या दोन वाक्यांमध्ये आपण सहज ‘त्यामुळे’ घालतो. ताईने तसं कुठं म्हटलंय? सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. जास्त थप्पीनेही दाणा दुखावतो आणि मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवले तरीही दुखावतो. म्हणून ताईला फोन करून मळणी कशी केली ते विचारायचं. ती म्हणाली, “मळणीबी जोरात झालती,” तर दोन्ही गोष्टी लिहायच्या आणि कारण एकावर ढकलायचं नाही. नाहीतर वाचणारी फक्त थप्पी कमी करील आणि मळणी तशीच जोरात करील.

३३ किलोचंही तसंच. हिशेब निरोपात नाही, तो लेखात भरावा लागतो. ७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो बियाणं धरतात आणि त्याखाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवतात. ६४ म्हणजे सहा टक्के कमी, म्हणून तीन किलो जास्त. इथला ‘म्हणून’ खरा आहे, कारण त्याच्यामागं हिशेब आहे. उगवण ६० च्याही खाली गेली तर मात्र ते बियाणं पेरू नये, हेही एका ओळीत जोडावं.

एवढं झालं की लेख असा उभा राहतो :

*शंभरातले चौसष्ट उगवले, मग बियाणं किती घ्यायचं?*

*घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवलेलं होतं. मळणी जोरात झाली होती आणि पोतीही एकावर एक आठ रचलेली. त्यामुळे पेरणीआधी उगवण बघून घ्यावी असं ताईंनी ठरवलं. १ जूनला त्यांनी शंभर दाणे मोजून ओल्या बारदानावर दहा-दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवली आणि रोज पाणी शिंपडलं. ६ जूनला उघडलं तेव्हा ६८ दाणे फुगून फुटलेले दिसले. पण त्यातले चार कुजके होते. ते सोडले तर धड कोंब ६४ च. सत्तरला सहा कमी पडल्याने ताई आता एकरी ३० ऐवजी ३३ किलो बियाणं घेणार आहेत.*

गुंडाळी, सावली, रोजचं पाणी आणि उगवण बघायचं का ठरवलं, हे निरोपात नव्हतं. तेही फोनवर विचारूनच घातलंय असं धरा. शीर्षक सगळ्यात शेवटी दिलं. ‘बीज परीक्षण’ असं दिलं असतं तर कुणी थांबलं नसतं. चौसष्टचा आकडा दिसला की आपल्या कोठीतलं बी आठवतं.

ताईची बोली लेखात किती ठेवायची यावर दोन मतं आहेत. माझं मत, कामाच्या पायऱ्या साध्या लेखी भाषेत आणि एखादं वाक्य तिच्या तोंडचं. छापायच्या आधी तयार लेख तिलाच फोनवर वाचून दाखवा आणि नाव घालायचं का विचारा. आकडा चुकला असेल तर तीच पटकन पकडते.