दोनदा जुळलेलं चुकीचं रीडिंग

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या त्या मुलीच्या वहीत चार आकडे होते : १०.५, १०.०, ९.८ आणि पुन्हा १०.०. प्रयोग नेहमीचाच. पिपेटने मोजून घेतलेलं १० मिलिलिटर ऑक्झॅलिक ॲसिड फ्लास्कमध्ये, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब आणि वर ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड. फिकट गुलाबी रंग टिकला की कॉक बंद करून रीडिंग घ्यायचं. ॲसिडची तीव्रता ०.१ नॉर्मल, हे ठाऊक होतं. शोधायची होती ती हायड्रॉक्साइडची तीव्रता.

"१०.० दोनदा आलंय ना? मग तेच लिही," शेजारची मैत्रीण म्हणाली. सल्ला मोहात पाडणारा होता, कारण १०.० धरलं की उत्तरही नेमकं ०.१ येत होतं. पण एकच द्रावण, एकच ब्युरेट, मग १०.५ आलंच कसं? ती मॅडमकडे गेली.

"ॲसिड राहू दे बाजूला," मॅडम म्हणाल्या. "ब्युरेटमध्ये साधं पाणी भर. दहा मिलिलिटर पाणी बीकरमध्ये सोड आणि वजन कर."

तिने रिकाम्या ब्युरेटमध्ये पाणी भरलं, शून्यावर आणलं, दहाच्या रेघेपर्यंत सोडलं. खोलीच्या तापमानाला एवढ्या पाण्याचं वजन ९.९६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. तराजूने ९.५ दाखवलं. जवळजवळ अर्धा मिलिलिटर पाणी ब्युरेटमधून तर गेलं होतं, पण बीकरमध्ये पोचलंच नव्हतं!

तिने ब्युरेट पूर्ण रिकामी करून पुन्हा भरली आणि या वेळी वरच्या रेघांकडे न बघता खालच्या टोकाकडे बघितलं. कॉकच्या खालच्या निमुळत्या नळीत हवेचा लांबट बुडबुडा अडकला होता. पाणी सोडताच तो खाली सरकला आणि निसटला. त्याची जागा पाण्याने भरून काढली आणि ते पाणी वरच्या पातळीतून वजा झालं. बुडबुडा शेवटपर्यंत जागचा हलला नसता, तर बिघडलं नसतं; नुकसान होतं ते तो मध्येच सुटल्यामुळे. पहिल्या टायट्रेशननंतर ब्युरेट पूर्ण रिकामी झाली नव्हती, टोक भरलेलंच राहिलं होतं. म्हणून हा फटका फक्त पहिल्या रीडिंगला बसला. उपाय सोपा : शून्य लावण्याआधी कॉक क्षणभर पूर्ण उघडायचा, टोकावर हलकी टिचकी मारायची, बुडबुडा गेल्याची खात्री करायची.

पण १०.० आणि ९.८ मधला फरक उरलाच. मॅडमनी कॉक बंद ठेवून पाण्याची पातळी तशीच राहू दिली आणि तिला ती तीन ठिकाणांहून वाचायला सांगितली. स्टुलावर उभी राहून वरून बघितलं तर ९.७. डोळा बरोबर पातळीला आणला तर ९.८. खाली उभी राहून मान वर केली तर ९.९. पाणी तर जागचं हललंही नव्हतं.

पाण्याचा अर्धगोल तळ नळीच्या मधोमध असतो आणि रेघा पुढच्या काचेवर. वरून बघताना नजर त्या तळाच्या वरच्या रेघेवरून जाते, आणि ब्युरेटवर आकडे वरून खाली वाढत असल्यामुळे रीडिंग कमी येतं. खालून बघितलं की जास्त. हाच पॅरॅलॅक्स. ५० मिलिलिटरच्या ब्युरेटमध्ये ०.१ मिलिलिटर म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. तेवढं चुकायला मान थोडी कलली तरी पुरे.

आता तिला सगळं आठवलं. द्रावण ओतायला ती स्टुलावर चढायची आणि तिथूनच शून्य लावायची. शेवटचं रीडिंग मात्र खाली उभी राहून घ्यायची. शून्य लागत होतं खऱ्यापेक्षा ०.१ खाली, शेवट वाचला जात होता ०.१ जास्त, दोन्ही मिळून दर वेळी ०.२ ची भर. तिसऱ्या खेपेला स्टूल दुसऱ्या कुणीतरी नेलं होतं. दोन्ही वेळा तिने खालूनच बघितलं, त्यामुळे शून्यावर झालेली चूक शेवटच्या चुकीने जवळपास फेडली आणि आलं ९.८. म्हणजे एकटं पडलेलं रीडिंग बरोबर होतं आणि जुळलेली दोन चुकीची!

मॅडमनी तिला एक युक्ती दाखवली. कागदाची सरळ कडेची पट्टी पातळीच्या किंचित खाली नळीभोवती गुंडाळायची. पट्टीची पुढची आणि मागची कड एकमेकींवर आली की डोळा बरोबर पातळीला आहे.

दुसऱ्या दिवशी तिने बुडबुडा काढून, पट्टी लावून तीन टायट्रेशन केली : ९.८, ९.८, ९.८. तीव्रता आली ०.१०२ नॉर्मल, मोहात पाडणाऱ्या उत्तरापेक्षा दोन टक्के जास्त. आदल्या दिवशीचे आकडे तिने खोडले नाहीत. १०.५ पुढे लिहिलं, 'टोकात बुडबुडा'. आणि दोन्ही १०.० पुढे, 'शून्य स्टुलावरून, शेवट जमिनीवरून'.