काळा किती काळा असावा?
लेखमाला : छायाचित्राचं संस्करण, भाग ९

मागच्या भागात आपण हिस्टोग्राम वाचायला शिकलो. आता घरातल्या अल्बममधला एखादा जुना रंगीत फोटो स्कॅन करा आणि त्याचा हिस्टोग्राम पाहा. स्कॅनरने आपणहून दुरुस्ती केली नसेल, तर आलेखाची डावी कड बऱ्याचदा रिकामी दिसते. त्या चित्रात खरा काळा कुठेच नसतो. केस, दाराआडचा अंधार, बुटांचे तळ, सगळं एका करड्या पातळीवर येऊन थांबलेलं असतं. ज्याला ‘फेडेड’ किंवा ‘मॅट’ लुक म्हणतात त्याचा पाया ही रिकामी कड आहे. डिजिटल फोटोत ती मुद्दाम तयार करावी लागते, आणि ती किती रुंद असावी यावर सगळं अवलंबून असतं.

हा आकडा नजरेच्या अंदाजाने ठरवण्याआधी कागदाकडे पाहायला हवं. छापील काळेपणा घनतेत मोजतात. घनता १ म्हणजे पडलेल्या प्रकाशाचा दहावा भाग परत येतो, घनता २ म्हणजे शंभरावा. चकचकीत फोटोपेपरवरचा गडद काळा साधारण २ च्या आसपास किंवा थोडा वर असतो. मॅट कागद १.६ च्या आसपासच थांबतो, म्हणजे त्याच्या सर्वांत काळ्या भागातूनही सुमारे अडीच टक्के प्रकाश परत येतो. हा फरक मुख्यतः पृष्ठभागामुळे पडतो. गुळगुळीत कागद वरून आलेला प्रकाश एकाच दिशेला परतवतो, आणि फोटो जरा तिरपा धरला की ती चमक डोळ्यांतून निसटते. खरबरीत कागद तोच प्रकाश चहूकडे विखुरतो. त्यातला थोडा नेहमीच डोळ्यांपर्यंत पोचतो आणि काळ्यावर पसरतो. फोटो कसाही धरला तरी तो टळत नाही.

ही टक्केवारी पडद्याच्या ० ते २५५ या मोजपट्टीवर आणली की कामाचे आकडे मिळतात. पडद्याचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढत नाहीत, अंधाऱ्या बाजूला त्यांना जास्त जागा दिलेली असते. त्यामुळे एक टक्का प्रकाश २५ च्या आसपास येतो आणि अडीच टक्के ४४ च्या आसपास. कागदाचा काळा या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी असतो. आपल्या खोलीतला उजेड पडद्याच्या काचेवर पडून काळ्याला आधीच थोडा उचलत असतो, म्हणून मी खालच्या बाजूला राहणं पसंत करतो : २० ते ३५. पंचेचाळीसच्या पुढे गेलं की चित्र छापल्यासारखं वाटत नाही, धुक्यात काढल्यासारखं वाटतं. असे फोटो इतके दिसतात की लोकांना हा लुकच नकोसा झाला आहे. माझ्या मते दोष लुकचा नाही, प्रमाणाचा आहे.

आता एक फोटो घेऊन काम करू. कोकणातल्या घराची पडवी, सकाळची उजळ वेळ. एक आजी भिंतीला टेकून बसल्या आहेत, अंगावर किरमिजी नऊवारी. मागे घराचं उघडं दार आणि आत अंधार. त्या अंधारात बारकाईने पाहिलं तर एक हंडा दिसतो. उजव्या बाजूला पडवीबाहेर केळीची पानं उन्हात आहेत. मी हे `GIMP` मध्ये करतो आहे, कारण ते फुकट मिळतं आणि कुणालाही करून पाहता येतं. दारातल्या अंधाराचं मूल्य ५ आहे, हंड्याचं २०.

`Colors` मधून `Curves` उघडा आणि `Channel` मध्ये `Value` ठेवा. कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी तिरकी रेघ दिसेल. तिचं अगदी डावं टोक पकडून सरळ वर न्या, `Input` ० आणि `Output` २८ होईपर्यंत. फाइल सोळा बिटची असेल तर हेच आकडे शंभरपैकी दिसतात, तेव्हा २८ ऐवजी ११ घ्या. आता या चित्रात २८ पेक्षा गडद काही उरू शकत नाही. लाइटरूममधलं `Blacks` स्लायडर असा तळ घालत नाही. ते गडद छटा वरखाली करतं, पण काळ्याला शून्यापाशीच राहू देतं. लाइटरूममध्येही हे काम पॉइंट कर्व्हच्या डाव्या टोकानेच करायचं असतं.

पण एवढ्यावर थांबलात तर चित्र बिघडेल. रेघेचं एक टोक उचललं की तिच्यासोबत मधल्या छटाही वर येतात. १२८ चं मूल्य सुमारे १४२ होतं, आजींचा चेहरा फिका पडतो आणि सगळा कॉन्ट्रास्ट सैल होतो. बहुतेक अॅपमधलं एकाच पट्टीचं `Fade` वापरलं की चित्र पिठूळ दिसतं, त्याचं कारण हेच. तळ उचलायचा, पण मधल्या छटा जागच्या जागी ठेवायच्या. त्यासाठी रेघेवर आणखी तीन बिंदू घ्या : ३२ चे ३८, ६४ चे ६२ आणि १२८ चे १२८. रेघ डावीकडे जवळजवळ आडवी सुरू होते, हळूहळू चढते आणि मध्यापाशी मूळच्या तिरक्या रेघेला मिळते. उजवं टोकही २५५ वरून २४५ पर्यंत खाली आणा, कारण कागदाचा पांढराही सगळा प्रकाश परत देत नाही.

डावीकडचा हा सपाट पायथा फिल्मच्या स्वभावातच आहे. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफिल्ड यांनी १८९० मध्ये प्रकाश आणि फोटोच्या प्लेटवरची घनता यांचा संबंध आलेखात मांडला, तेव्हा त्यांना सरळ रेघ मिळाली नाही. सुरुवातीला एक पायथा, मधे चढ आणि शेवटी खांदा असा आकार मिळाला. फिल्मला अगदी कमी प्रकाशातले फरक नीट नोंदवता येत नाहीत, ते सगळे पायथ्याशी एकमेकांत मिसळतात. आपण बिंदू घेऊन तेच करतो आहोत.

याची किंमतही मोजावी लागते. अंधाराचं मूल्य ५ चं जवळपास २९ झालं आणि हंड्याचं २० चं सुमारे ३४. आधी दोघांत पंधरा पायऱ्यांचं अंतर होतं, आता पाचच उरलं. हंडा जवळजवळ दिसेनासा झाला. मी तो जाऊ देतो, कारण फोटो आजींचा आहे आणि मागचा अंधार एकसंध झाला की त्यांची आकृती उठून येते. शिवाय त्या अंधारात सेन्सरची कुरकुरीत रवाळ खूण असेल तर तीही दबते. तोच अंधार `Shadows` स्लायडरने उचलला असता, तर रवा फुलून वर आला असता. पण फोटोचा विषयच सावलीत असेल, देवळाच्या गाभाऱ्यातली मूर्ती असेल, तर एवढा सपाट पायथा चालणार नाही. तिथे तळ २० वर ठेवा आणि दुसरा बिंदू थोडा वर घ्या.

रेघ कुठेही डावीकडून उजवीकडे जाताना खाली उतरता कामा नये. दुसरा बिंदू घाईत ३२ ला २४ असा ठेवला, तर रेघ २८ वरून आधी खाली जाते आणि मग चढते. मग जे सर्वांत काळं होतं ते शेजारच्या सावलीपेक्षा उजळ होतं. फोटोत याची खूण ओळखता येते : दाराच्या चौकटीची सावली गडद राहते आणि आतला खोल अंधार तिच्याहून फिका दिसतो. असं दिसलं की बिंदू वर घ्या.

आता रंग. सॅच्युरेशनला हात लावायचा तो कर्व्ह झाल्यावरच, कारण कर्व्हने रंग आधीच बदललेले असतात. नऊवारीच्या चुणीतला गडद किरमिजी पाहा : लाल ७०, हिरवा १८, निळा २६. कर्व्हनंतर तो साधारण ६८, ३३, ३६ झाला. लाल जवळजवळ तिथेच राहिला, पण हिरवा आणि निळा तळासोबत वर आले. लाल आधी हिरव्याच्या जवळपास चौपट होता, आता दुप्पट उरला. सॅच्युरेशनला स्पर्श न करता चुण्यांमधला रंग उतरला. केळीच्या पानाचं मात्र तसं होत नाही. लाल ९०, हिरवा १३०, निळा ५० असलेलं उन्हातलं पान कर्व्हनंतरही जवळजवळ तसंच राहतं, कारण त्याची मूल्यं पायथ्याच्या वर आहेत.

म्हणून चित्र अर्धवट दिसतं. सावल्या जुन्या छापील फोटोतल्या, आणि पानं कालच फोनने काढल्यासारखी. सॅच्युरेशनचं काम ही दोन टोकं एका काळात आणण्याचं आहे, म्हणून ते सगळीकडे सारखं कमी करण्यात अर्थ नाही. `Colors` मधल्या `Hue-Saturation` मध्ये सहा रंगांची निवड असते. `G` निवडून सॅच्युरेशन उणे ३५ करा. पानं अजूनही तजेलदार दिसतील, कारण झाडांचा हिरवा बराचसा पिवळ्याकडे झुकलेला असतो आणि त्याचा मोठा भाग `Y` मध्ये येतो. इथे जपून. माणसाच्या त्वचेचा रंगही लाल आणि पिवळ्याच्या मधेच असतो, त्यामुळे `Y` जोरात कमी केला की पानांबरोबर आजींचा चेहराही आजारी दिसू लागतो. मी `Y` उणे १० वर थांबतो. पानांना अजून उतरवायचं असेल तर थराची प्रत घेऊन, तिच्यावर मास्क लावून, फक्त उजव्या बाजूला ते करतो. शेवटी `Master` वर उणे ८. लाल रंगाला वेगळा हात लावायची गरज नाही, नऊवारीचं काम कर्व्हने केलंच आहे.

सगळं झालं की हिस्टोग्राम पाहा. आलेख २८ च्या आसपास सुरू व्हायला हवा आणि तिथे एक उंच, अरुंद शिखर दिसायला हवं. तो दारातला अंधार. असं शिखर नसेल, तर हा फोटो या लुकसाठी चुकीचा निवडला आहे. ढगाळ दिवसाच्या, धुरकट फोटोत मुळातच ४० च्या खाली फारसं काही नसतं. तिथे तळ उचलून काहीच साधत नाही, आणि रंग उतरवले की चित्र नुसतं मळकट दिसतं. उचललेला काळा जाणवण्यासाठी फोटोत काळ्याचा एक ठळक तुकडा असावा लागतो : दार, केस, छत्री, काहीही.

फोटो कशावर ठेवून पाहता यानेही निर्णय बदलतो. संपादकाची काळी चौकट शेजारी असेल तर २८ चा काळा उघड करडा दिसतो, आणि हात आपोआप तळ खाली नेतो. तोच फोटो पांढऱ्या पानावर काळा वाटतो, आणि हात तळ वर नेतो. फोटो शेवटी जिथे लागणार आहे तशी पार्श्वभूमी ठेवून ठरवा.

आणि तो मॅट कागदावर छापायचा असेल तर तळ २८ वरून १० वर आणा. उरलेला काळा कागद स्वतःच उचलतो, आणि २८ तसाच ठेवला तर दोन्ही तळ एकमेकांवर चढून आजींच्या मागचं दार राखाडी होतं.