उचलून डकवायचा मजकूर

आजकाल पुष्कळ अर्ज कागदावर लिहावे लागत नाहीत. मोबाईलवर फॉर्म उघडतो आणि त्यातल्या चौकटीत मजकूर भरावा लागतो. ज्याला लिहायचे सुचत नाही तो ओळखीच्या माणसाला सांगतो, ‘मला मजकूर लिहून पाठवा.’ मजकूर व्हॉट्सॲपवर येतो. मग तो तिथून उचलायचा आणि फॉर्ममध्ये डकवायचा. उचलण्याला कॉपी म्हणतात आणि डकवण्याला पेस्ट म्हणतात.

अशी वेळ आपल्यावरही येते. शेजारी म्हणतो, ‘तुम्हाला आता लिहिता येतं, मला चार ओळी लिहून द्या.’ आपण चार ओळी लिहून देतो. पण त्या ओळी फॉर्ममध्ये जशाच्या तशा बसतात का? पुष्कळदा बसत नाहीत. का बसत नाहीत आणि बसाव्यात म्हणून कसे लिहावे, ते आता आम्ही सांगतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, सावनेर तालुक्यातल्या एका गावी एक शेतकरी आहेत. २०२४ च्या पावसाळ्यात त्यांचे पीक गेले. पंचनामा झाला, पण पुढे काय झाले ते कळले नाही. त्यांची भाची नागपूरला सदर भागात नोकरीला आहे. मामांनी तिला फोन केला. ती म्हणाली, ‘मामा, माहितीच्या अधिकारात अर्ज करा. मी मजकूर पाठवते, तुम्ही फॉर्ममध्ये टाका.’

माहितीचा अधिकार कायदा २००५ साली झाला. या कायद्याने सरकारी कचेरीतल्या कागदांची माहिती मागता येते. अर्जाची फी दहा रुपये आहे. साधारण तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. म्हणजे अर्ज अर्धवट गेला तर दहा रुपयांपेक्षा महिना मोलाचा जातो.

भाचीने घाईत असा निरोप पाठवला :

> मामा, नमस्कार! 🙏 हा घ्या मजकूर. \*विषय\* : पीक नुकसान. माझ्या शेताचा \*पंचनामा\* झाला का, पैसे किती मंजूर झाले, ते कळवावे. गावाचं नाव आणि गट नंबर तुम्ही टाका. काही अडलं तर रात्री फोन करा, मामीला नमस्कार सांगा.

वाचायला निरोप चांगला आहे. मामांना सगळे समजले. पण फॉर्मच्या दृष्टीने त्यात चार अडचणी आहेत.

पहिली अडचण : बोलणे आणि मजकूर एकत्र

व्हॉट्सॲपवर निरोपावर बोट दाबून धरले आणि कॉपी केले की तो निरोप सबंध उचलला जातो. अर्धा उचलला जात नाही. म्हणून मामीचा नमस्कारही सरकारी अर्जात जाऊन बसतो. मामांना तो एकेक अक्षर करून पुसावा लागतो. पुसता पुसता कामाची ओळही पुसली जाते.

मग काय करावे? दोन निरोप पाठवावेत. एका निरोपात बोलणे आणि दुसऱ्या निरोपात नुसता मजकूर. त्या दुसऱ्या निरोपात ‘हा घ्या’ एवढेसुद्धा लिहू नये. जे चौकटीत जायचे आहे तेवढेच त्यात असावे.

उचलणाऱ्यानेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन-तीन निरोप एकदम निवडून कॉपी केले तर प्रत्येकाच्या आधी तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचे नाव आपोआप येते. म्हणून एकेक निरोप वेगळा उचलावा.

दुसरी अडचण : नटवलेली अक्षरे

भाचीने ‘विषय’ आणि ‘पंचनामा’ या शब्दांच्या दोन्ही बाजूंना चांदणी टाकली होती. व्हॉट्सॲपवर असे केले की शब्द ठळक दिसतो आणि चांदणी लपते. पण मजकूर उचलला की चांदणी पुन्हा बाहेर येते. फॉर्मला ठळक-बिळक काही कळत नाही. त्याला नुसती चांदणी दिसते.

काही फॉर्म अशी चिन्हे घेतच नाहीत. केंद्र सरकारच्या माहिती अधिकाराच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये ठरावीक अक्षरे आणि ठरावीक चिन्हेच चालतात. कोणती चालतात ते चौकटीजवळच लिहिलेले असते. हात जोडल्याचे चित्र, फुले, बाण हे तिथे अडते. म्हणून मजकूर साधा ठेवावा. मुद्दे सांगायचे असले तर १, २, ३ असे आकडे टाकावेत आणि प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर घ्यावा. ओळी एकमेकींना चिकटल्या तरी आकड्यांमुळे मुद्दे वेगळे कळतात.

तिसरी अडचण : एका चौकटीत सगळे

फॉर्ममध्ये नाव, पत्ता, पिन आणि मोबाईल यांच्या चौकटी वेगळ्या असतात. त्यांचा मजकूर एकाच निरोपात दिला तर मामांना तो तोडत बसावे लागते. म्हणून एका चौकटीला एक निरोप द्यावा. पिनच्या निरोपात नुसता पिन असावा. ‘पिन कोड :’ हे शब्द त्यात नकोत.

आकड्यांची एक गंमत आहे. आपण मराठीत ४४०००१ लिहितो आणि सगळे वाचतात. पण पिन, मोबाईल आणि खाते क्रमांक यांच्या चौकटी पुष्कळदा इंग्रजी आकडेच ओळखतात. तिथे `440001` असेच लिहावे लागते. मराठी आकडा डकवला तर चौकट रिकामी राहते किंवा लाल होते. मोबाईल नंबरचेही तसेच आहे. दहा आकडे सलग लिहावेत. मध्ये जागा सोडू नये. चौकट दहाच आकड्यांची असेल तर पुढे `+91` लावू नये.

बँकेचा आयएफएससी कोड अकरा खुणांचा असतो. त्यातली पाचवी खूण नेहमी शून्य असते, इंग्रजी ‘ओ’ अक्षर नव्हे. डोळ्याला दोन्ही सारखी दिसतात. म्हणून हा कोड बघून टाइप करण्यापेक्षा वेगळ्या निरोपात पाठवावा आणि तिथूनच उचलावा.

चौथी अडचण : रिकाम्या जागा

‘गावाचं नाव तुम्ही टाका,’ असे भाची म्हणाली. पण कुठे टाकायचे? मजकुरात तशी जागाच नव्हती. अशा वेळी जागा सोडून रेघ मारावी आणि अशा किती जागा आहेत ते पहिल्या निरोपात सांगावे. ‘दोन ठिकाणी रेघ आहे,’ असे सांगितले की मामा दोन मोजतात आणि दोन्ही भरतात. संख्या सांगितली नाही तर एखादी रेघ तशीच अर्जात जाते आणि कचेरीला गाव कळत नाही. सर्वांत उत्तम म्हणजे आधी विचारून घ्यावे आणि रेघ ठेवूच नये.

मजकूर किती लांब असावा?

चौकटीला माप असते. महाराष्ट्राच्या माहिती अधिकाराच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार अर्ज एकाच विषयाचा असावा आणि साधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. केंद्र सरकारच्या फॉर्ममध्ये ३००० अक्षरांपर्यंत मजकूर लिहिता येतो. त्याहून मोठा अर्ज वेगळ्या फाईलमध्ये जोडावा लागतो.

माप भरले की काही चौकटी पुढचा मजकूर घेत नाहीत, आणि तसे सांगतही नाहीत. पायली भरली की वरचे धान्य सांडते, तसे शेवटचे शब्द गळतात. म्हणून मुख्य मागणी आधी लिहावी. डकवल्यावर शेवटची ओळ वाचून पाहावी. ती पुरी दिसली तर मजकूर पुरा गेला असे समजावे.

आता सुधारलेले निरोप पाहू

पहिला निरोप, नुसता वाचण्यासाठी :

> मामा, याच्या खालचा निरोप जसाच्या तसा उचला आणि ‘माहितीचे वर्णन’ असे जिथे असेल त्या चौकटीत डकवा. दोन ठिकाणी रेघ आहे. पहिल्या रेघेवर गावाचं नाव आणि दुसरीवर गट नंबर टाका. मामीला नमस्कार.

दुसरा निरोप, उचलण्यासाठी :

> मौजा ____, तालुका सावनेर, जिल्हा नागपूर येथील माझ्या गट क्रमांक ____ मधील पिकाच्या नुकसानीबाबत पुढील माहिती मिळावी. कालावधी १ जून २०२४ ते ३१ डिसेंबर २०२४.
> १. पंचनाम्याची प्रत.
> २. मंजूर मदतीची रक्कम व मंजुरीचा दिनांक.
> ३. मदत मंजूर नसल्यास त्याबाबतच्या शेऱ्याची प्रत.
> माहिती टपालाने पाठवावी.

हा मजकूर पन्नास शब्दांच्या आत आहे. त्यात नाव-पत्ता नाही, कारण त्याच्या चौकटी वेगळ्या आहेत. ‘महोदय’ आणि ‘आपला नम्र’ हेही नाही, कारण फॉर्मला त्याची गरज नसते.

हाच मजकूर ई-मेलने पाठवायचा असेल तर थोडा बदल करावा. ई-मेलमध्ये विषयाची चौकट वरती वेगळी असते. म्हणून विषयाची ओळ वेगळ्या निरोपात द्यावी. खालच्या मजकुरात मात्र ‘महोदय’ने आरंभ करावा आणि शेवटी नाव, पत्ता व मोबाईल लिहावा. ई-मेलमध्ये त्यासाठी निराळ्या चौकटी नसतात. मजकूर तोच, पण जागा बदलली की त्याचे टोक आणि शेवट बदलतात.

टायपिंगच्या दुकानातला मजकूर

कधी कधी मजकूर टायपिंगच्या दुकानातून करून आणतात. तिथे एक वेगळीच अडचण येते. काही ठिकाणी अजून कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. अशा फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरे असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. छापलेला कागद सुरेख दिसतो. पण तो मजकूर फॉर्ममध्ये डकवला की वरचे मराठी रूप गळून पडते. ‘नागपूर’ या शब्दाचे तिथे `ukxiwj` असे होते.

असे दिसले तर मोबाईल बिघडला असे समजू नये. दुकानदाराला सांगावे, ‘युनिकोडमध्ये टाइप करून द्या.’ युनिकोडमधले मराठी अक्षर कुठेही डकवले तरी मराठीच राहते. आणि मजकुराचा फोटो घेऊ नये. फोटोतली अक्षरे वाचता येतात, पण निरोपासारखी सरळ उचलता येत नाहीत.

करून पाहा

मजकूर दुसऱ्याला पाठवण्याआधी तो स्वतःलाच पाठवा. उचला आणि ई-मेलच्या कोऱ्या पानावर डकवा. मग चार गोष्टी पाहा. जास्तीचे बोलणे आले का? चांदणी किंवा चित्र दिसते का? रेघा किती राहिल्या? शेवटची ओळ पुरी आहे का? चारही ठीक असल्या की मग तो मजकूर पुढे पाठवा.